दिवाळीची भेट परत करताना

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शाळेचा शेवटचा दिवस. प्रथम सत्राची परीक्षा संपलेली असते, उत्तरपत्रिका अजून बाईंच्या टेबलावर असतात, आणि तेवढ्यात पाचवीतली एक मुलगी पिशवी पुढे करते: "बाई, आईने दिलंय." पिशवीत साडी. मागे रांगेत आणखी दोघंतिघं उभी असतात, आणि ज्यांनी काहीच आणलेलं नाही ती मुलं बाकावरून बघत असतात. त्या क्षणी बाई काय करतात, हे सगळा वर्ग लक्षात ठेवतो.

तिथल्या तिथे "नको" म्हणणं चूक, असं मला अनेक वर्षं वर्गावर काढल्यावर ठामपणे वाटतं. मुलीने साडी निवडलेली नाही. ती फक्त निरोप घेऊन आली आहे. सगळ्यांसमोर पिशवी परत मिळाली की तिला एवढंच कळतं की आपल्या घरचं काहीतरी चुकलं. म्हणून पिशवी न उघडता हसून बाजूला ठेवायची, "आईशी मी बोलते" असं हळूच सांगायचं, आणि त्याच संध्याकाळी आईला फोन करायचा. उशीर करू नये. दोन दिवस गेले की भेट स्वीकारली असाच अर्थ होतो, आणि मग परत करणं अपमानासारखं लागतं.

फोनवर आधी आभार मानायचे आणि मग कारण सांगायचं. "ताई, तुम्ही आठवणीने पाठवलंत, बरं वाटलं. पण मी वर्गातल्या कुणाच्याच घरून वस्तू घेत नाही. तुमची साडी तशीच ठेवली आहे. उद्या तुम्ही याल का, की मी कार्यालयात ठेवू?" यातला 'कुणाच्याच' हा शब्द सोडू नये. नकार त्या घराला नाही, हे त्यानेच कळतं. मात्र तो शब्द खरा असायला हवा. एकीची साडी परत गेली आणि दुसरीचा चांदीचा दिवा राहिला, तर ते पालकांच्या ग्रुपवर पोचायला वेळ लागत नाही. पिशवी मुलीच्या हाती परत पाठवू नये. ती आईच्याच हाती द्यावी.

आपल्याकडे सरकारी कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आहेत आणि त्यांत भेटींवर बंधनं आहेत. ज्यांना नियम लागू आहे, त्यांनी तो जरूर सांगावा, कारण नियमावर कुणी रुसत नाही. दक्षिण कोरियात २०१६ साली लागू झालेल्या लाचविरोधी कायद्यानंतर शिक्षकदिनी एकट्या विद्यार्थ्याने दिलेलं कार्नेशनचं फूलही चालेनासं झालं. विद्यार्थी-प्रतिनिधीने सर्वांदेखत दिलेलं फूल तेवढं चालतं. मला हे फार कडक वाटतं, पण त्यामागचा विचार पटतो. गुण देणाऱ्याच्या हाती एकट्याकडून काही जाऊ नये.

आपल्या सणांत त्याला वाट आहे. दसऱ्याला आपट्याची पानं, संक्रांतीला तिळगूळ, गुरुपौर्णिमेला एखादं फूल, मुलाने स्वतः बनवलेलं शुभेच्छापत्र, हे सगळं खुशाल घ्यावं. म्हणून रेघ किमतीवर न मारता वस्तूच्या जातीवर मारावी. वर्गातच वाटून संपेल ते चालेल, मुलाच्या हातचं चालेल, आणि घरी नेऊन ठेवावं लागेल ते चालणार नाही. किमतीची मर्यादा घातली की पालक मर्यादेपर्यंत पोचायला बघतात.

अवघड प्रसंग फराळाच्या डब्याचा. धुणीभांडी करणाऱ्या एखाद्या आईने पहाटे उठून केलेल्या चकल्या परत पाठवल्या, तर तिला वाटेल की आपल्या घरचं बाईंना चालत नाही. तो डबा वर्गात उघडावा, सगळ्यांना एकेक तुकडा द्यावा आणि स्वतःही खावा. डबा धुऊन द्यावा, सोबत दोन ओळींची चिठ्ठी. महागड्या सुक्या मेव्याच्या पेटीलाही हाच नियम लावावा. मात्र आत पाकीट असेल तर ते वेगळं काढून फोनच करावा.

हे सगळं दिवाळीच्या तोंडावर ठरवून चालत नाही. जूनच्या पहिल्या पालकसभेत, कुणी काही आणलेलं नसताना, सांगून टाकावं: "सणाला मला मुलांनी लिहिलेलं पत्र आवडेल. त्याशिवाय काही घेणार नाही." तेव्हा ते कुणा एकाला उद्देशून नसतं.

तरीही ग्रुपवर वर्गणी निघते. ती सगळ्यांत वाईट, कारण ज्याला परवडत नाही त्याला नाही म्हणता येत नाही. कानावर आलं की वर्गणी काढणाऱ्या पालकांना लगेच फोन करून ज्याचे पैसे त्याला परत द्यायला सांगावं. "मग वर्गवाचनालयाला पुस्तकं देतो" असं ते म्हणतील. त्यालाही थांबवावं, कारण यादीत कुणाचं नाव नाही हे पुस्तकांतूनही कळतं. शाळेला द्यायचंच असेल, तर ज्याने त्याने मुख्याध्यापकांकडे स्वतंत्रपणे द्यावं, पुस्तकावर नाव घालू नये, आणि कुणी दिलं हे वर्गशिक्षकाला सांगू नये.