खोकल्याचा रकाना

डी. फार्म.ची मुलं हँडआउटवरून औषधांचे तक्ते करताना गट, कार्य आणि दुष्परिणाम असे सुटे रकाने भरतात आणि घोकत बसतात. रक्तदाबावरचं एनालाप्रिल घ्या. ते एसीई हे एन्झाइम रोखतं, त्यामुळे रक्तवाहिन्या आकसवणारं अँजिओटेन्सिन-२ कमी तयार होतं. बरेच तक्ते इथेच थांबतात. पण हेच एन्झाइम एरवी ब्रॅडिकायनिनही मोडत असतं; ते साठलं की काहींना कोरडा खोकला लागतो. लोसार्टन थेट अँजिओटेन्सिनचा रिसेप्टर अडवतं, ब्रॅडिकायनिनच्या वाटेला जात नाही, म्हणून खोकला क्वचितच. पोटॅशियम मात्र दोन्हींनी वाढू शकतं, कारण अल्डोस्टेरॉन दोन्हींमुळे घटतं. कार्याकडून दुष्परिणामाकडे असा बाण काढता येत नसेल, तर मधली ओळ सुटली आहे; हँडआउट पुन्हा उघडावं.