कार्ड हरवलं, पण दरवाजांना कोण सांगणार?

हिंजवडीतल्या एखाद्या आयटी कंपनीचं सकाळी सव्वानऊचं गेट डोळ्यांसमोर आणा. एक तरुण खिसे चाचपतो, बॅग उपसतो आणि शेवटी रखवालदाराच्या वहीत सही करून तात्पुरता पास गळ्यात अडकवतो. कार्ड घरीच राहिलं असेल, संध्याकाळी बघू, असा त्याचा हिशेब असतो. या हिशेबात तक्रार दोन-दोन दिवस लांबते आणि तेवढा काळ ते कार्ड जिथं कुठं पडलं असेल तिथून उचलणाऱ्याला दरवाजे उघडून देऊ शकतं. काही ठिकाणी नव्या कार्डाचे पैसे पगारातून कापतात. मग तर माणूस गाद्या उलटून झाल्याशिवाय तोंड उघडत नाही.

तक्रार केली की पहिला प्रश्न येतो : कार्ड शेवटचं कधी पाहिलं? समजा, या तरुणाने सांगितलं, ‘काल संध्याकाळी सातला, निघताना.’ सुरक्षा विभाग त्याच्या कार्ड नंबरावरून नोंदी काढतो. त्याने स्वतः केलेली शेवटची नोंद निघते दुपारी ३.१०ची, चौथ्या मजल्यावरची. सातला तो मित्राच्या पाठोपाठ, त्यानेच उघडलेल्या दारातून बाहेर पडला होता. कार्ड गळ्यात होतं की नाही, हे त्यालाही सांगता येत नाही. म्हणजे कार्ड बहुधा इमारतीतच पडलं असावं.

आता खरी गंमत. त्याच कार्डावर रात्री ९.३५ला पार्किंगच्या लिफ्टजवळ आणखी एक नोंद दिसते. तेव्हा तो तर घरी जेवत होता! कॅमेऱ्याचं चित्रण काढल्यावर दिसतं, की रखवालदाराला कार्ड सापडलं आणि ते चालतंय का, हे बघायला त्याने ते रीडरला लावलं. चोरी झाली नाही, पण हे कळलं ते दोन्ही वेळा शेजारी शेजारी ठेवल्यामुळे. म्हणून तक्रारीत ‘शेवटचं पाहिलं’ आणि ‘शेवटचं वापरलं’ हे वेगवेगळं लिहावं. आठवत नसेल तर अंदाज ठोकण्यापेक्षा ‘तीन ते सातच्या दरम्यान’ असं लिहिलेलं तपासणाऱ्याच्या जास्त उपयोगी पडतं.

कार्ड बंद करणं हे संगणकावर एका क्लिकचं काम वाटतं, पण दार संगणकाला दर वेळी विचारत बसत नाही. दारांसाठी बसवलेल्या कंट्रोलरमध्ये परवानगी असलेल्या कार्डांची यादी साठवलेली असते, म्हणजे नेटवर्क गेलं तरी लोक अडकत नाहीत. याच सोयीची दुसरी बाजू अशी, की एखादा कंट्रोलर नेटवर्कपासून तुटलेला असेल तर मुख्य संगणकावर ‘बंद’ दिसणारं कार्ड त्या दारावर चालतच राहतं. बॅटरीवर चालणारी, तारेने न जोडलेली कुलुपं तर त्यांच्यापर्यंत नवी माहिती पोचवल्याशिवाय कळतीच करत नाहीत. म्हणून बदल प्रत्येक कंट्रोलरपर्यंत पोचला का, हे पाहूनच बंद केल्याची वेळ लिहायची. शिवाय कार्डाची नोंद पुसून टाकू नये. ‘हरवलेलं’ अशी खूण करून बंद करावी. मग कुणी ते वापरायला गेलं, तर दार उघडत नाही आणि कोणत्या दारावर किती वाजता प्रयत्न झाला, हे लगेच दिसतं.

ते कार्ड कोणती दारं उघडू शकत होतं, हे मात्र कर्मचाऱ्याला विचारून भागत नाही. तो रोजची दारं सांगतो : गेट, चौथा मजला, कॅन्टीन. साध्या कार्डात असतो फक्त एक नंबर. त्या नंबराला कुठं प्रवेश आहे, ते यंत्रणेतल्या गटांवर ठरतं. गेल्या वर्षी एका प्रकल्पासाठी दिलेला लॅबचा प्रवेश कुणी काढलेलाच नसतो! यादी काढल्यावर आधी कार्डाबरोबर पिन किंवा बोटाचा ठसा मागणारी दारं बाजूला ठेवावीत. नुसत्या कार्डावर उघडणाऱ्या उरलेल्या दारांच्या मधल्या काळातल्या नोंदी तपासाव्यात. कॅन्टीनचे पैसे किंवा प्रिंटर त्याच कार्डावर चालत असतील, तर ती खाती बऱ्याचदा निराळी असतात आणि वेगळी बंद करावी लागतात.

विमानतळावरच्या प्रवेशपत्राची गोष्ट आणखी अवघड. कोणत्या भागात जायची मुभा आहे, हे त्यावर अक्षरांनी छापलेलं असतं. जिथं जवान ते डोळ्यांनी बघून सोडतो, तिथं यंत्रणेत बंद केलेला पासही दिसायला चालूच असतो.

हरवलेलं कार्ड चार दिवसांनी बसच्या सीटखाली सापडलं, की ‘आता तेच चालू करा’ अशी विनंती हमखास येते. ती मान्य करू नये. बऱ्याच कार्यालयांत वापरलं गेलेलं मायफेअर क्लासिक या प्रकारचं कार्ड नेदरलँड्समधल्या नायमेखन इथल्या संशोधकांनी २००८मध्ये फोडून दाखवलं होतं. त्याहून जुनी साधी कार्डं तर स्वस्त यंत्रावरही नक्कल होतात. सापडलेलं कार्ड जमा करून घ्यायचं, कापून टाकायचं आणि नवं कार्ड नव्या नंबराने द्यायचं. लॅबचा प्रवेश वगळून.