बेरीज मिळाली, पण आकडे कोणते?

क्षयरोगाच्या जंतूच्या दोन वाणांचे जनुकसंच आर्थर डेल्चर, स्टीव्हन सॉल्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली संगणकावर शेजारी-शेजारी लावून पाहिले. प्रत्येकात सुमारे ४४ लाख अक्षरं. एवढा मजकूर अक्षराला अक्षर लावून ताडायचा तर कामाला अंत नाही. म्हणून त्यांच्या ‘मम्मर’ या प्रणालीने आधी दोन्हीकडे जसेच्या तसे आणि नेमके एकदाच येणारे तुकडे शोधले. पहिल्या जंतूतल्या क्रमाने या तुकड्यांना नंबर दिले आणि दुसऱ्या जंतूत ते नंबर कोणत्या क्रमाने येतात ते पाहिलं. काही तुकडे जागचे हललेले असतात, त्यामुळे नंबर पुढे-मागे होतात. त्यातून चढत्या क्रमाने जाणारे तेवढे निवडायचे, आणि निवडताना तुकड्यांची लांबीही जमेस धरायची. दहा चिटुकल्या तुकड्यांपेक्षा एक लांबलचक तुकडा जास्त भरवशाचा असू शकतो.

यामागचा गणिती प्रश्न फार सुटसुटीत आहे. आकड्यांची एक रांग दिली आहे. रांगेतला क्रम न मोडता काही आकडे उचलायचे. उचललेला प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा हवा आणि सगळ्यांची बेरीज जास्तीत जास्त व्हायला हवी. जनुकांच्या कामात नंबर वेगळा आणि वजन वेगळं असतं. या साध्या रूपात आकडा हेच त्याचं वजन.

ही रांग घेऊ: ५, ४०, १०, १२, ४५, १४, १६, २०. यातली सर्वांत लांब चढती साखळी ५, १०, १२, १४, १६, २० अशी सहा आकड्यांची आहे आणि तिची बेरीज ७७. पण ५, ४०, ४५ या तिघांचीच बेरीज ९० भरते. लांबी आणि बेरीज यांची इथेच फारकत होते. आठ आकड्यांतून काही उचलण्याचे २५५ प्रकार आहेत, ते कागदावरही तपासता येतील. आकडे तीस झाले की प्रकार शंभर कोटींच्या वर जातात.

यातून वाट काढायची तर प्रश्न जरा बदलून विचारायचा. ‘सर्वांत मोठी बेरीज किती?’ असं एकदम न विचारता, प्रत्येक आकड्यापाशी थांबून विचारायचं: नेमकी याच आकड्यावर संपणारी सर्वांत भारी साखळी किती बेरजेची? ४५ पाशी उभं राहून मागे पाहा. ४५ पेक्षा लहान आकडे चार: ५, ४०, १० आणि १२. त्यांच्यावर संपणाऱ्या साखळ्यांच्या बेरजा आपण आधीच काढल्या आहेत, अनुक्रमे ५, ४५, १५ आणि २७. त्यात ४५ ही सर्वांत मोठी. तिला आपला आकडा जोडला की ९०. पुढे जाणाऱ्याला मागच्या साखळीबद्दल दोनच गोष्टी लागतात: ती कोणत्या आकड्यावर संपली आणि तिची बेरीज किती. आतले आकडे कोणते, याच्याशी त्या घडीला कर्तव्य नाही. म्हणूनच तीस आकड्यांना फक्त ४३५ तुलना पुरतात.

पण आतले आकडे कोणते हे शेवटी कुणीतरी विचारणारच. जीवशास्त्रज्ञाला नुसती ‘९०’ ही बेरीज देऊन काय उपयोग? त्याला तुकडे हवेत. प्रत्येक आकड्यापाशी अख्खी साखळी लिहून ठेवली तर जागा भरमसाट खर्च होते. त्यापेक्षा प्रत्येकापाशी एकच नोंद करायची: आपण कोणाच्या मागे जोडलो गेलो, त्याचं रांगेतलं स्थान. प्रोग्रामर याला ‘पॅरेंट’ म्हणतात, आपण मागचा दुवा म्हणू. ज्याच्या मागे कोणी नाही त्याची जागा कोरी.

आकडे: ५, ४०, १०, १२, ४५, १४, १६, २०
बेरजा: ५, ४५, १५, २७, ९०, ४१, ५७, ७७
मागचे दुवे: कोरा, १, १, ३, २, ४, ६, ७

आता बेरजांच्या ओळीत सर्वांत मोठी शोधायची. ती पाचव्या स्थानी आहे, शेवटच्या नव्हे. घाईत शेवटच्याच खणातली बेरीज उत्तर म्हणून उचलली तर ७७ हाती येतात. पाचव्या स्थानाचा दुवा २, दुसऱ्याचा १, पहिल्याचा कोरा. वाटेत आकडे मिळाले ४५, ४०, ५. ते उलटे केले की साखळी तयार. दुव्यात स्थानच लिहायचं, आकडा नव्हे. कारण रांगेत ४० दोनदा आला तर नुसतं ‘४०’ वाचून कोणता तो कळणार नाही.

संगणकात मोजणी शून्यापासून होते आणि कोऱ्या दुव्यासाठी बहुधा -1 लिहितात. पायथॉनमध्ये परतीची वाट अशी दिसते:

```
k = best.index(max(best))
chain = []
while k != -1:
    chain.append(a[k])
    k = parent[k]
chain.reverse()
```

यातल्या तिसऱ्या ओळीत `while k:` लिहिलं तर एक चिवट चूक शिरते. पायथॉन शून्याला ‘नाही’ समजतो. त्यामुळे शून्य स्थानावरचा ५ साखळीत यायच्या आधीच फेरी थांबते आणि उत्तर ४०, ४५ एवढंच उरतं. बेरीज मात्र आधीच काढलेली असल्याने ९० च छापली जाते. पडद्यावर सगळं ठीक दिसतं. ही चूक पकडायचा खात्रीचा उपाय म्हणजे मिळालेल्या आकड्यांची पुन्हा बेरीज करून ताडणं: इथे ती ८५ येते, तिथेच बिंग फुटतं. ही तपासणी मी कधीही वगळणार नाही. बेरीज सुधारली पण दुवा बदलायचा राहिला, असा घोटाळाही बहुतेक वेळा तिच्यातच सापडतो. रांगेत ऋण आकडे असतील तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. प्रत्येक खणाची सुरुवात शून्याने न करता त्या आकड्यानेच करायची, नाहीतर कोणत्याही साखळीची नसलेली बेरीज उत्तर म्हणून येते.

आता आपल्या रांगेतला शेवटचा २० काढून तिथे ३४ ठेवा. त्याच्यावर संपणारी बेरीज ५७ अधिक ३४, म्हणजे ९१ होते. ४० आणि ४५ दोघेही बाहेर फेकले जातात, आणि मघाशी मागे पडलेली १०, १२, १४, १६ ही मंडळी उत्तरात येतात. मोठा आकडा दिसला की उचल, अशा हावरट रीतीला हे कधीच साधलं नसतं, कारण ४० हाती धरल्यावर १० कडे वळायची सोयच नाही. आपल्या रीतीला ते साधतं, कारण ४० पाशी ४५ ही बेरीज असतानाही १० पाशीच्या १५ ला तिने पुसलेलं नसतं. ३४ ऐवजी ३३ ठेवले तर दोन्ही साखळ्या ९० वर येतात आणि दोन्ही उत्तरं बरोबर ठरतात. वरचा कोड आधी भेटणारी देतो, म्हणजे ५, ४०, ४५.

रांग एक लाखाची झाली की प्रत्येकाने मागे वळून सगळ्यांना पाहणं महाग पडतं, तुलना जवळपास ५०० कोटींवर जातात. तेव्हा पीटर फेन्विक यांनी १९९४ मध्ये मांडलेली, त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी झाडासारखी रचना वापरतात. आकड्यांना लहान-मोठेपणाने क्रमांक द्यायचे आणि ‘माझ्यापेक्षा लहान असलेल्यांत सर्वांत मोठी बेरीज कोणाची?’ हे झाडाला विचारायचं. उत्तर साधारण सतरा पावलांत मिळतं. दुवे इथेही सुटत नाहीत. झाडाच्या प्रत्येक खणात बेरजेसोबत ती कोणत्या स्थानाची आहे हेही लिहावं लागतं, नाहीतर झाड बेरीज झटकन सांगेल आणि परतीची वाट मात्र कुठेच नोंदलेली नसेल.