मातीचा अहवाल वाचताना

कृषी पदविकेच्या प्रात्यक्षिकासाठी राहुरी तालुक्यातल्या एका मुलीने घरच्या एक एकर कांद्याच्या रानातली माती तपासून घेतली. अहवालात हेक्टरी नत्र 170 किलो, स्फुरद 18 किलो आणि पालाश 290 किलो असे आकडे आले. कांद्याची शिफारस हेक्टरी 100 किलो नत्र, 50 किलो स्फुरद आणि 50 किलो पालाश अशी आहे. तिने वहीत लिहिलं, "जमिनीत 170 किलो नत्र आहे, पिकाला 100 लागतं, म्हणून युरिया नको."

इथेच चूक झाली. अहवालातला आकडा म्हणजे कणगीतलं धान्य नव्हे, की मोजलं आणि तेवढं काढून घेतलं. प्रयोगशाळेत ठरलेल्या पद्धतीने जेवढं नत्र सुटून येतं, तेवढं तो दाखवतो. पिकाला त्यातलं किती मिळेल, हे तो सांगत नाही. तो फक्त जमीन कमी, मध्यम की जास्त, एवढं ओळखायला असतो.

नत्र 280 पेक्षा कमी म्हणजे जमीन कमी गटात. इथे शिफारशीपेक्षा पाव भाग जास्त, म्हणजे 125 किलो द्यायचं. स्फुरद 10 ते 25 मध्ये, म्हणजे मध्यम. तिथे शिफारस तशीच, 50 किलो. पालाश 280 च्या वर, म्हणजे जास्त. तिथे पाव भाग कमी, साडेसदतीस किलो.

हे सगळं हेक्टरचं झालं. एकराला अडीचने भागायचं. नत्र 50, स्फुरद 20, पालाश 15 किलो. हा हिशोब विसरला तर एका एकरात अडीच पट खत पडतं.

आता गोणीकडे येऊ. 100 किलो युरियात 46 किलो नत्र असतं, म्हणून 50 किलो नत्रासाठी सुमारे 109 किलो युरिया लागेल. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये 16 टक्के स्फुरद, म्हणून 125 किलो, म्हणजे अडीच गोण्या. त्यातून कांद्याला लागणारं गंधकही मिळतं. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये 60 टक्के पालाश, म्हणून 25 किलो.

सुपर फॉस्फेट, पोटॅश आणि निम्मा युरिया लागवडीच्या वेळी द्यायचा. उरलेला युरिया दोन हप्त्यांत, 30 आणि 45 दिवसांनी. त्यानंतर मात्र हात आवरायचा. उशिरा पडलेल्या युरियाने पात हिरवीगार दिसते, पण कांद्याची मान जाड राहते आणि असा कांदा चाळीत सडतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. नमुना बांधाजवळचा, झाडाखालचा किंवा उकिरड्याच्या जागेचा असेल, तर हा सगळा हिशोब बरोबर असूनही उत्तर चुकतं. रानात नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणची वीतभर खोलीची माती घ्यायची, एकत्र करून त्यातली अर्धा किलो पाठवायची.

त्या मुलीने वही पुन्हा लिहिली. या वेळी तिच्या आईने आधी वहीतला हिशोब पाहिला आणि मगच खतं आणायला गेली.