कुटुंबात हृदयविकार असल्यास तरुणांची कोलेस्टेरॉल तपासणी : केव्हा सुरू करावी व किती अंतराने करावी

शासकीय आरोग्य केंद्रांत रक्तदाब व मधुमेह यांची नियमित तपासणी वयाच्या 30 व्या वर्षापासून होते. त्यामुळे कोलेस्टेरॉलची तपासणीही त्याच वेळी करावयाची असते, असा समज अनेक कुटुंबांत आढळतो. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिली तपासणी वयाच्या 18 व्या वर्षी करावी. कुटुंबात अकाली हृदयविकार झालेला असल्यास ती त्याहूनही आधी करणे योग्य ठरते.

‘अकाली’ या शब्दाचा अर्थ निश्चित आहे. वडील किंवा भाऊ यांना 55 वर्षांच्या आत अथवा आई किंवा बहीण यांना 65 वर्षांच्या आत हृदयविकाराचा झटका आला असेल, तर तो अकाली समजावा. ऐंशीव्या वर्षी आजोबांना आलेला झटका या गणनेत धरला जात नाही. मात्र तरुण वयात एकाएकी दगावलेल्या काका, मामा किंवा आत्या यांची माहिती घरातील वडीलधाऱ्यांना विचारून डॉक्टरांना अवश्य सांगावी.

उदाहरणादाखल झाशी शहरातील एका कुटुंबाची कल्पना करू. वडिलांना 46 व्या वर्षी झटका आला असून ते तेव्हापासून औषधे घेत आहेत. घरात 24 वर्षांचा मुलगा, 19 वर्षांची मुलगी आणि 10 वर्षांचा धाकटा मुलगा आहे. वडिलांच्या ताज्या अहवालात एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारे कोलेस्टेरॉल, केवळ 68 दिसते. ते पाहून निश्चिंत होऊ नये. हा आकडा औषधाने उतरलेला आहे. झटक्यानंतरच्या काही दिवसांतही एलडीएल स्वाभाविकपणे खाली येते, म्हणून तेव्हाचा अहवालही दिशाभूल करू शकतो. औषध सुरू होण्यापूर्वीचा जुना कागद शोधावा. मुलांविषयी काही सांगेल तर तोच.

थोरल्या मुलाच्या तपासणीत एकूण कोलेस्टेरॉल 290, एचडीएल 42 आणि ट्रायग्लिसराइड 140 आले, असे समजा. एकूण आकड्यातून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग (28) वजा केला की एलडीएल 220 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर येते. प्रौढ व्यक्तीत 190 किंवा त्याहून अधिक एलडीएल आढळल्यास जन्मजात, आनुवंशिक कोलेस्टेरॉलवाढीचा संशय घ्यावा लागतो. मुलगा सडपातळ आहे, तेलकट खात नाही, ही सबब येथे उपयोगाची नाही, कारण दोष आहारात नसून यकृताच्या एलडीएल काढून टाकण्याच्या क्षमतेत असतो. थायरॉइडची कमतरता हेही एक कारण असू शकते. म्हणून डॉक्टर तपासणी पुन्हा करून घेतात आणि थायरॉइडही पाहतात. टाचेमागील जाड शिरेवर कठीण गाठ किंवा जाडी जाणवत असल्यास ती डॉक्टरांना दाखवावी.

हा दोष आई किंवा वडील यांपैकी एकाकडून प्रत्येक अपत्याला येण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून थोरल्याचा निकाल आल्यावर दोन्ही भावंडांची तपासणी लांबणीवर टाकू नये. दहा वर्षांच्या मुलासाठी संशयाची मर्यादा 190 नसून 160 आहे. येथे मोठ्यांचा तक्ता लावल्याने बालकांचे निदान निसटते.

मुलीचे एलडीएल 106 आले, तर तिला हा दोष असण्याची शक्यता फारच कमी. सर्वसाधारण व्यक्तीसाठी उद्दिष्ट 100 च्या खाली असल्याने तिने आहार व व्यायाम यांकडे लक्ष द्यावे. मात्र वडिलांच्या इतिहासामुळे तिची फेरतपासणी सर्वसाधारण व्यक्तीपेक्षा लवकर व्हावी. कौटुंबिक इतिहास नसलेल्या आणि निकाल समाधानकारक असलेल्या तरुणांस चार ते सहा वर्षांचे अंतर पुरते. तिच्यासारख्यांचे अंतर याहून कमी असावे व ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. वजन वाढल्यास किंवा मधुमेह जडल्यास त्या मुदतीचीही वाट पाहू नये. थोरल्या मुलास औषध सुरू झाल्यास पुढील तपासणी 4 ते 12 आठवड्यांत आणि त्यानंतर 3 ते 12 महिन्यांनी होते. आकडा उतरला म्हणून औषध स्वतःहून थांबवल्यास तो पुन्हा वर जातो.

पहिल्या तपासणीसाठी उपाशी राहण्याची आवश्यकता नाही. ट्रायग्लिसराइड 400 हून अधिक आल्यास मात्र वरील वजाबाकी विश्वसनीय राहत नाही आणि 10 ते 12 तास उपाशी राहून पुन्हा रक्त द्यावे लागते. ताप किंवा अन्य गंभीर आजार असताना व गरोदरपणात केलेली तपासणी खरे चित्र दाखवत नाही. ती बरे झाल्यावर किंवा प्रसूतीनंतर काही आठवड्यांनी करावी.

लायपोप्रोटीन-ए ही आणखी एक तपासणी कुटुंबात अकाली झटका आलेल्यांनी आयुष्यात एकदा करून घ्यावी. तिचे प्रमाण बहुतांशी जन्मतःच ठरलेले असल्यामुळे ती सहसा दरवर्षी करण्याचे कारण नसते.