चुकीच्या रीतीला मिळालेले गुण

५२ मधून २७ वजा करायला सांगितले आणि मुलाने उत्तर लिहिले ३५. एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत, म्हणून त्याने ७ मधूनच २ काढून टाकले. मोठ्यातून लहान, एवढीच त्याची रीत. पण हीच रीत ४८ वजा २३ ला लावली, तर उत्तर अगदी बरोबर येते, २५! म्हणजे चाचणीतली १० पैकी ६ गणिते बिनहातच्याची असली, तर हातचा मुळीच न कळलेल्या मुलालाही ६ गुण मिळतात. ८ असली, तर ८.

आता समजा, वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातून, एखाद्या तांड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेतून कृतिसंशोधनाचा अहवाल आला. पूर्वचाचणीची सरासरी ६, काड्यांच्या गठ्ठ्यांनी दोन आठवडे सराव, उत्तरचाचणीची सरासरी ८, निष्कर्ष ‘उपक्रम यशस्वी’. तपासणाऱ्याने आधी दोन्ही प्रश्नपत्रिका शेजारी ठेवून हातच्याची गणिते मोजावीत. पहिलीत ४ आणि दुसरीत २ निघाली, तर एकही मूल काही नवे न शिकता सरासरी वाढू शकते.

कर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये कृतिसंशोधनाची कल्पना मांडली, तेव्हाच नियोजन, कृती आणि कृतीचे काय झाले याचा शोध अशी फिरती पायऱ्यांची वाट त्यात होती. १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियात केमिस आणि मॅकटॅगार्ट यांनी तिला नियोजन, कृती, निरीक्षण, चिंतन असे चक्राचे रूप दिले. चार मथळे कोणत्याही अहवालात असतात. चक्र खरेच फिरले का, हे मात्र दुसऱ्या नियोजनावरून कळते.

त्याच वर्गाचा दुसरा अहवाल घेऊ. त्यात शिक्षिकेने रोजच्या नोंदीत मुलांची चुकीची उत्तरे जशीच्या तशी उतरवली आहेत. काड्या हातात असताना मूल गठ्ठा सोडते, २५ म्हणते. काड्या बाजूला ठेवून वहीत लिहिताना पुन्हा ३५. इथे चिंतनाला धरायला काहीतरी सापडते: दशक सुटा करणे मुलाला जमते, पण त्या कृतीचा कागदावरच्या खुणेशी मेळ बसलेला नाही. म्हणून पुढच्या आठवड्याचे नियोजन बदलते. गठ्ठा सुटला की त्याच क्षणी वहीत ५ खोडून ४ लिहायचे आणि २ च्या जागी १२. हे नियोजन पहिल्या दिवशी लिहिताच आले नसते.

गुण या अहवालाला द्यावेत, उत्तरचाचणीची सरासरी कमी असली तरी. एका वर्गावरून सगळ्या जिल्ह्याला शिफारशी मात्र त्यानेही करू नयेत. तुलनेला दुसरा वर्ग नव्हता, नुसत्या सरावाचाही वाटा असू शकतो. आणि ५०२ मधून १२७ वजा करताना मधल्या शून्यापाशी तीच मुले पुन्हा अडली, अशी नोंद शेवटी असेल, तर तिसऱ्या फेरीचा प्रश्नही तयार आहे.