झाड झालेली मुलगी आणि तांबडी पेन्सिल

डिसेंबर-जानेवारीत शाळाशाळांतून स्नेहसंमेलने सुरू झाली, की घरातल्या किंवा ओळखीतल्या मराठी जाणणाऱ्या माणसाच्या हाती हमखास एक कागद येतो. ‘जरा तपासून द्या ना, फक्त शुद्धलेखन बघा.’ कागद परत जातो तेव्हा मात्र त्यावरचे भाषण अनेकदा तपासणाऱ्याचे झालेले असते. मूल मंचावर उभे राहते आणि मोठ्या माणसाचे शब्द म्हणून दाखवते. हे टाळता येते. त्यासाठी तपासणे कुठे संपते आणि बदलणे कुठे सुरू होते, एवढे समजून घ्यावे लागते.

नमुन्यासाठी नववीतल्या एका मुलीचे छोटे भाषण कल्पू या. असे कागद ज्यांनी पाहिले आहेत त्यांना यातल्या चुका ओळखीच्या वाटतील.

‘सन्माननीय व्यासपीठ, प्रमुख पाहुणे, मुख्याध्यापीका, सर्व शिक्षक, पालक आणी माझ्या मित्र मैत्रिणींनो, आज आपल्या शाळेचे वार्षीक स्नेहसंमेलन आहे. प्रमुख पाहुणे वेळात वेळ काढून आले आहे. मी सगळ्यांचे स्वागत आणी आभार मानते. गेल्या महीन्या पासून आम्ही तयारी करतोय. तालमीला उशीर झाला तरी शिपाईमामा हॉल बंद करायचे नाहीत, आम्ही जाई पर्यंत थांबायचे. दुसर्या शाळेत असं कुणी करत असेल का, मला माहीत नाही. मागच्या वर्षी मी नाटकात झाड झाले होते, एकही वाक्य नव्हतं. यंदा मी सूत्रसंचालन करते आहे. शाळेनं मला बोलायला शिकवलं. आमच्या चूका पदरात घ्या. कार्यक्रम शेवट पर्यंत पहावा ही विनंती.’

हातात पेन्सिल घेण्याआधी हे एकदा मोठ्याने वाचावे. भाषण ऐकायचे असते आणि ऱ्हस्व-दीर्घाची चूक श्रोत्यांना ऐकू येत नाही. व्याकरणाची चूक मात्र सभागृहातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचते. म्हणून कानाला खटकणारी वाक्ये आधी शोधावीत. इथे ती दोन आहेत. ‘प्रमुख पाहुणे आले आहे’ यातले क्रियापद एकवचनी राहिले आहे. पाहुणे एकच असले तरी आपण त्यांच्याविषयी आदरार्थी बहुवचनात बोलतो. ‘आले’ हे रूप त्या बहुवचनाला धरून आहे, तेव्हा पुढे ‘आहेत’ हवे. बोलताना शेवटचा ‘त’ गिळला जातो आणि तसाच कागदावरही येत नाही, म्हणून ही चूक फार आढळते. एका अक्षराची भर घातली की काम झाले.

दुसरे वाक्य आहे ‘सगळ्यांचे स्वागत आणी आभार मानते’. आभार मानतात, स्वागत मात्र करतात. दोन नामे एकाच क्रियापदाला बांधली गेली आणि त्यातले एक त्याच्याशी जुळत नाही. निवेदक आणि पुढारीही ही चूक सर्रास करतात, त्यामुळे मुलांच्या कानावर तीच बसलेली असते. इथे एक शब्द घालावाच लागतो: ‘सगळ्यांचे स्वागत करते आणि आभार मानते.’ एवढ्यावर थांबायचे. या वाक्याचे ‘आपणा सर्वांचे शब्दसुमनांनी स्वागत करते’ केले, तर तपासणारा आपली हद्द ओलांडून गेला.

आता शुद्धलेखन. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये मान्य केले आणि १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. आज शाळेत आणि छापखान्यात चालते ते लेखन या १८ नियमांचे आहे. ते सगळे पाठ नसले तरी चालते. मुलांच्या भाषणातल्या बहुतेक चुका त्यांतल्या दोन-तीन नियमांभोवतीच फिरतात.

मराठी शब्दाच्या शेवटी ‘अ’ असेल तर त्याआधीच्या अक्षरातला इकार किंवा उकार दीर्घ लिहितात: चूक, फूल, मूल, गरीब, खूप. याच शब्दाला प्रत्यय लागला किंवा त्याचे अनेकवचन झाले, की तो ऱ्हस्व होतो: चुका, फुले, मुलाला, गरिबाला. आपल्या वक्तीने ‘चूका’ लिहिले, कारण ‘चूक’ हा शब्द तिला नीट येतो. एका बरोबर शब्दाची सवय तिने पुढच्या रूपालाही लावली. ‘महीना’ची चूक याच घरातली. शब्दाच्या शेवटचे अक्षर दीर्घ असले, तर मराठी शब्दात त्याआधीचा इकार-उकार ऱ्हस्व लिहायचा: महिना, किडा, सुरी.

‘वार्षीक’ आणि ‘मुख्याध्यापीका’ यांची गोष्ट निराळी आहे. ‘वार्षिक’ उच्चारताना ‘षि’ आपोआप लांबतो, म्हणून ‘गरीब’सारखे लिहावे असे कोणालाही वाटेल. पण संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द संस्कृताप्रमाणे लिहायचे हा नियम आहे आणि संस्कृतातला ‘इक’ प्रत्यय ऱ्हस्व आहे. सामाजिक, ऐतिहासिक, वार्षिक. तसेच शिक्षिका, नायिका, मुख्याध्यापिका. म्हणजे इथे कानावर विश्वास ठेवता येत नाही, शब्द कुठून आला ते पाहावे लागते. तिने ‘सूत्रसंचालन’ बरोबर लिहिले आहे, तेही संस्कृतच आहे, पण त्यात ‘सू’ मुळातच दीर्घ. अशा शब्दांत शंका आली तर अंदाज बांधण्यात अर्थ नाही. मो. रा. वाळंबे यांची पुस्तके किंवा अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ उघडून पाहणे हाच खात्रीचा मार्ग.

‘आणी’चे कारण आणखी वेगळे. शब्दाच्या शेवटचा इकार मराठीत दीर्घ लिहितात, पाटी, विनंती, कवी असा. ‘आणि’ हा त्याला ठरवून ठेवलेला अपवाद आहे, ‘नि’ हा दुसरा. हा अपवाद लक्षात ठेवण्यावाचून गत्यंतर नाही आणि भाषणात तो शब्द जितक्या वेळा येईल तितक्या वेळा तपासावा लागतो.

तुटलेले शब्द मात्र थोडे अधिक पाहण्यासारखे आहेत, कारण ते वाचणाऱ्याचा श्वास चुकवतात. ‘महीन्या पासून’, ‘जाई पर्यंत’, ‘शेवट पर्यंत’. पासून, पर्यंत, साठी, समोर ही शब्दयोगी अव्यये आहेत आणि ती आधीच्या शब्दाला जोडूनच लिहायची: महिन्यापासून, जाईपर्यंत, शेवटपर्यंत. मुले भाषण कागदावरून वाचतात. ‘शेवट’ ओळीच्या टोकाला आणि ‘पर्यंत’ पुढच्या ओळीत गेला, की मूल मध्येच थांबते. ‘मित्र मैत्रिणींनो’ हाही समास आहे, म्हणून ‘मित्रमैत्रिणींनो’. मोबाइलवर मराठी टंकताना कळफलक प्रत्येक सुचवलेल्या शब्दानंतर मोकळी जागा सोडतो, त्यामुळे हल्ली ही चूक वाढलेली दिसते.

‘दुसर्या’ हीदेखील बहुधा टंकलेखनातली चूक आहे. डोक्यावर रफार आला की उच्चार ‘दुसर्-या’ असा, आधीच्या अक्षरावर आघात देऊन होतो. आपण म्हणतो तो ‘दुसऱ्या’ तसा नाही. त्यात अर्धा ‘र’ ‘या’च्या अलीकडे हलकेच येतो. फरक पडताळायचा असेल तर ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे शब्द म्हणून पाहावेत. एक समुद्र आहे, दुसऱ्या डोंगरातल्या. कळफलकावर हा अर्धा ‘र’ वेगळा शोधावा लागतो. तो सापडला नाही की लोक रफारावर भागवतात.

हे सगळे झाल्यावर भाषणात असे काही शब्द उरतात, जे पाहून तपासणाऱ्याचा हात शिवशिवतो. खरी कसोटी तिथे लागते. ‘हॉल’चे ‘सभागृह’ करावे का? ‘कुणी’चे ‘कोणी’? नाही. दोन्ही शब्द मराठीत रुळलेले आहेत आणि नियमात त्यांना आडकाठी नाही. काही जणांना ‘सन्माननीय व्यासपीठ’ हे संबोधनच पटत नाही, लाकडी चौथऱ्याला काय संबोधायचे, असे ते म्हणतात. मला त्यात तथ्य वाटते, पण शाळांतून ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे आणि ते काढायचे की ठेवायचे हे ठरवणे शुद्धलेखन तपासणाऱ्याचे काम नाही.

सर्वांत मोठा मोह आहे ‘झाड झाले होते’ या वाक्याचा. त्याचे ‘वृक्षाची भूमिका साकारली होती’ करणारे हात मी पाहिले आहेत. असा बदल करणाऱ्याला वाटते की आपण वाक्य उंचावले. प्रत्यक्षात त्या भाषणातले एकमेव वाक्य, जे दुसऱ्या कुठल्याच शाळेतल्या दुसऱ्या कुठल्याच मुलीला लिहिता आले नसते, ते त्याने पुसले. त्यात व्याकरणाची चूक नाही. कर्ता ‘मी’ मुलगी आहे, म्हणून ‘झाले होते’ हे रूपही बरोबर आहे. घाईत वाचणाऱ्याला ते नपुंसकलिंगी ‘झाड’शी जुळवले आहे असा भास होईल, एवढेच. पुढे ‘एकही वाक्य नव्हतं’ आले की हसू येते. मग ‘शाळेनं मला बोलायला शिकवलं’ यातला अर्थ श्रोत्यांना आपोआप कळतो. हे तीन धागे एकमेकांत असे गुंतलेले आहेत की एक ओढला तर बाकीचे सुटतील.

काही जागा मात्र अशा असतात की तिथे नियम एक सांगतो आणि वापर दुसरे, किंवा दोन्ही चालतात आणि निवड लेखकाची असते. ‘पहावा’ पाहा. राहणे, पाहणे, वाहणे ही रूपे योग्य आणि रहाणे, पहाणे, वहाणे नकोत, असे नियम सांगतो. आज्ञार्थात मात्र ‘पाहा’बरोबर ‘पहा’लाही त्याने मोकळीक दिली आहे. ‘पहावा’ला ती सवलत नाही, म्हणून ते ‘पाहावा’ करायचे.

आणि ‘शाळेचे’ व ‘शाळेनं’, ‘आभार मानते’ व ‘नव्हतं’ यांची सरमिसळ? इथे सुरुवात लेखी वळणाची आहे आणि मुलगी स्वतःविषयी बोलू लागली की भाषा बोलण्याची होते. बोलण्यातली भाषा तशीच लिहायची असेल तर ‘शिकवलं’, ‘नव्हतं’ असा अनुस्वार द्यायला नियमाची मुभा आहे. एरवी लेखनात ‘शिकवले’, ‘नव्हते’. भाषण हे दोन्हींच्या मधले प्रकरण आहे. म्हणून इथे परस्पर काही बदलायचे नाही. समासात प्रश्नचिन्ह काढायचे आणि मुलीला विचारायचे: ‘तू मंचावर शिकवलं म्हणणार की शिकवले?’ ती जे म्हणेल ते खरे. ‘स्वागत करते आणि आभार मानते’ हेही तिच्यापुढे ठेवावे, कारण तिला कदाचित आभार शेवटीच मानायचे असतील. मग ‘स्वागत करते’ एवढेच इथे राहील.

शेवटची फेरी उलटी असते. भाषण शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे, एकेक शब्द सुटा करून वाचायचे. अर्थ कळत राहिला की डोळा चुका भरून काढतो आणि पुढे सरकतो. उलटे वाचताना अर्थ तुटतो आणि ‘आणी’ नजरेसमोर उभी राहते. पाहुण्यांचे नाव भाषणात असेल तर ते निमंत्रणपत्रिकेवर ताडून पाहायचे, तिथे नियमापेक्षा त्या माणसाचे स्वतःचे लेखन श्रेष्ठ. नंतर कागदावर फक्त खुणा ठेवून तो मुलीला परत द्यायचा आणि स्वच्छ प्रत तिची तिलाच काढू द्यायची.